कोणाचं नाव दिसलं पाहिजे

सून म्हणून सुलक्षणा दोन वर्षं घरात वावरत होती, पण तोताराम नानांना ती पहिल्यांदा नीट दिसली ती धनसिंग आबांच्या सरकीच्या ढेपेच्या पोत्यावर हात ठेवून उभी असताना.

एरंडोलला नानांचं पशुखाद्याचं दुकान. धनसिंग आबा त्यांचे वर्गमित्र. आबांनी मोबाईल पुढे केला.

"मना पोर्‍यानी पुण्यातून पैसा टाकात. हाई स्क्रीनशॉट देख."

"आबा, आमच्या खात्यावर काहीच आलं नाही," सुलक्षणा म्हणाली.

"म्हणजे मी खोटा?"

नाना गादीवरून उठले. भिंतीवरच्या क्यूआर कोडखाली त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं : पैसे पाठवा, स्क्रीनशॉट दाखवा, माल घ्या.

"वाचता येतं ना?" ते सुनेवर ओरडले. "पोतं सोड. उद्यापासून गल्ल्यावर बसू नकोस."

सुलक्षणाने हात काढला नाही. "नाना, आधी स्क्रीनशॉटवरचं नाव वाचा. मग मला उठवा."

नानांनी चष्मा लावला. पैसे मिळालेल्याचं नाव होतं नवल तोताराम पाटील.

थोरला नवल भांडून वेगळा झाला होता आणि धुळ्याला दुकान थाटून बसला होता. भिंतीवरचा त्याचा कोड काढून धाकट्या हितेंद्रचा, म्हणजे सुलक्षणाच्या नवऱ्याचा, लावला होता. पण आबांच्या मुलाकडे जुन्याच कोडचा फोटो होता. तो त्याने तिकडे बसून स्कॅन केला.

नानांनी नवलला फोन लावला. "माझ्या खात्यात आले, ते गिऱ्हाईक माझं. त्याला म्हणा, ढेप न्यायला धुळ्याला ये," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

"तुमच्या घरातली भांडणं माझ्या बैलांच्या गव्हाणीत कशाला?" आबा म्हणाले आणि पोतं न घेताच निघाले.

"कोडखालचा कागद बदला, नाना," सुलक्षणा म्हणाली. "हितेंद्रचं नाव टाका."

"भिंतीवर एकाच पोराचं नाव लिहू? घर फुटल्याची दवंडी पिटू?"

"मग रोज एकाला चोर म्हणू. आज आबा, उद्या मी."

हा टोला नानांना झोंबला. ते तिच्याकडे न बघता खाली बसले, कागद ओढला. ती सांगत गेली. ते ओठ आवळून लिहीत गेले.

"भिंतीवरचा कोड इथेच स्कॅन करा. जुना फोटो वापरू नका. पिन टाकण्याआधी 'हितेंद्र तोताराम पाटील' हेच नाव दिसतंय का पाहा. दुसरं नाव दिसलं तर पैसे पाठवू नका. स्क्रीनशॉट जपून ठेवा, पण माल आमच्या खात्यावर रक्कम दिसल्यावरच मिळेल."

नवलचं नाव कुठेच आलं नाही. नानांनी कागद चिकटवला आणि गल्ल्याची किल्ली तिच्यापुढे आपटली.

"आता तूच बस. माझ्या दोस्तांच्या शिव्याही तूच खा."

धनसिंग आबा आता ढेप दुसरीकडून घेतात. सुलक्षणा रोज सकाळी दुकान उघडते, आणि सासऱ्यांशी तिचं बोलणं फक्त मालापुरतं आहे.