फटीतून दिसलं तेवढंच

शकू गेल्याचं मला उल्हासनगरला, कॅम्प एकमधल्या आमच्या प्रेसमध्ये कळलं. मी प्रूफं तपासत होते आणि तिच्या धाकट्या भावाचा फोन आला, "ताई, शकूताई गेली..." त्याला महिना उलटून गेला. मधे शोकसभाही झाली. तिथं जो तो उठून तिला 'संयत लेखिका' म्हणत होता, आणि माझं डोकं फिरत होतं. संयत! शकूनं हे ऐकलं असतं तर आधी हसली असती, मग भांडायला उभी राहिली असती. ती नाही, म्हणून मी भांडते आहे.

ती अंबरनाथला बुवापाड्यात राहायची, एका कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होती. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत ती एकच कादंबरी लिहीत होती, तिच्या थोरल्या भावाची. बौद्ध झाल्यावर दादानं गावकीची कामं करायला नकार दिला, म्हणून गावातल्या लोकांनी त्याला भर दुपारी त्याच्याच दारापुढं मारून टाकलं होतं. पहिल्या खर्ड्यात तिनं ते सगळं लिहिलं. प्रत्येक काठी, प्रत्येक हाड, रक्त कुठवर उडालं ते... पानंच्या पानं. लिहिलेलं आधी रविवारी विहारात, वंदनेनंतर वाचून दाखवायचं, ही तिची रीत. त्या दिवशी बायका मधेच उठून गेल्या. आणि मागून एक तरुण म्हणाला, "ताई, एकदम भारी! पिच्चर बघतोय असं वाटलं. तो कुऱ्हाडीवाला सीन परत वाच ना."

शकूचा चेहरा उतरला. घरी येताना म्हणाली, "पोरगा वाईट नाही गं. मीच त्याला मारेकऱ्यांच्यात नेऊन उभं केलं. एवढ्या जवळून कोणाला दिसतं? मारणाऱ्यालाच ना? आणि एवढ्या पानांत दादाला एक शब्द बोलू दिला नाही मी. नुसता देह करून टाकला त्याचा..."

मग तिनं सगळंच काढून टाकलं. दुसऱ्या खर्ड्यात दादा जेवून बाहेर पडतो आणि संध्याकाळी आई अंगणातून त्याच्या चपला उचलून आत आणते. बस्स. हे वाचायला आम्ही बदलापूरला हेंद्रेपाड्यात एका निवृत्त प्राध्यापकांकडे गेलो. सगळे खूश. "किती संयम! कुठं कटुता म्हणून नाही," असं म्हणत चिवड्याच्या बश्या फिरल्या. एका बाईंनी प्रेमानं विचारलं, "पण तो गेला कशानं? आजारी होता का?"

"मारला त्याला. गावानं," शकू म्हणाली.

"ते न सांगण्यातच तर सौंदर्य आहे," प्राध्यापक म्हणाले. शकूनं हातातली बशी खाली ठेवली आणि चपला घातल्या. रस्त्यात ती संतापून म्हणाली, "तिकडं तमाशा झाला आणि इकडं पळवाट. दादा दोन्हीकडं मेला."

त्याच संध्याकाळी तिनं मला कधी न सांगितलेलं सांगितलं. तेव्हा घराची कडी आतून घातलेली होती. आईनं घातली होती, उरलेली दोन लेकरं वाचवायला. शकू दाराच्या फटीला डोळा लावून उभी होती. तिसरा खर्डा या फटीतूनच आला. दिसलं तेवढंच लिहायचं, पण दिसलं ते सोडायचं नाही. फटीतून पाय दिसतात. ज्यांचे पाय ओळखू आले त्या सगळ्यांची नावं येतात. एकच घाव फटीसमोर पडतो, उजव्या मनगटावर, तो पूर्ण येतो, एकाही उपमेशिवाय. बाकी सगळा आवाज. आणि त्यात दादाचं ओरडणं, "आई, दार उघडू नको!" वाचणारा आत असतो. त्याला मजा घेता येत नाही आणि तोंडही फिरवता येत नाही, कारण कडी त्याच्या हाताशी असते.

एका प्रकाशकांना कादंबरी आवडली, पण तो घाव आणि ती नावं तेवढी काढा म्हणाले. एवढं गाळलं तर पुस्तक उत्तम आहे, असं त्यांचं म्हणणं.

"मग एवढंच छापा," शकू म्हणाली, "बाकीचं गाळा."

शेवटी आमच्याच प्रेसनं छापलं. आमचे सिंधी सेठ म्हणाले, "छाप डालो दीदी, जो होगा देखा जाएगा." छापलेलं प्रकरण तिनं पुन्हा विहारात वाचलं. कोणी उठलं नाही. वाचन संपलं. मग तो मागचा तरुण उठला, वाऱ्यानं लोटलं गेलेलं विहाराचं दार त्यानं सताड उघडलं आणि तिथंच बाहेर बघत उभा राहिला. शकू मला हळूच म्हणाली, "झालं माझं काम."

बुवापाड्यातल्या तिच्या खोलीच्या दाराला आतून कडी नव्हती. कादंबरी संपली त्या आठवड्यात तिनं स्वतः काढली होती आणि नंतर कधी लावू दिली नाही. परवा गेले तर भावानं नवी कोरी कडी बसवलेली. मी त्याच्याकडं पेचकस मागितला.

"अहो ताई, चोरबिर शिरतील..."

"शिरू देत," मी म्हटलं.

 दादाला मारलं त्या दिवशी त्या घरात तोही होता, आईच्या कडेवर. मग आत गेला, पेचकस घेऊन आला, आणि मला न देता स्वतःच स्क्रू काढायला बसला.