खोलीचे तापमान

निसर्गाच्या नियमांपुढे सगळी माणसे सारखीच असतात, असे मी कॉलेजात शिकलो. पुढे जळगावात नोकरी करताना कळले की माणसांचे सांगता येत नाही, पण खोल्या मात्र सारख्या नसतात.

दुसरे महायुद्ध चालू होते. विलायती साबण येईनासा झाला तेव्हा आमच्या शेठना साबणाचा कारखाना काढायचे सुचले. सरकीच्या तेलाचा त्यांचा जुना धंदा होता, त्यामुळे तेल घरचेच. कॉस्टिक सोडा मात्र युद्धामुळे सोन्यासारखा झाला होता. खटपट करून त्यांनी तो थोडासा मिळवला आणि त्याच्याबरोबर मलाही मिळवला. मी नुकताच बी.एस्सी. झालो होतो. शेठ मला नावाने कधी हाक मारीत नसत, "काय बी.एस्सी.?" एवढेच म्हणत. त्यांना सगळे नाना म्हणत, मीही म्हणू लागलो.

पहिल्याच दिवशी नानांनी अट सांगितली. "उद्घाटनाचा घाणा नीट जमला तर नोकरी कायम. बिघडला तर दुसरा घालायला माझ्याकडे कॉस्टिक नाही, आणि तुम्हाला ठेवायला कारण नाही."

बोलणे सरळ होते. घरी वडील निवृत्त, धाकट्या बहिणीचे लग्न ठरत आलेले. मी ठरवून टाकले की हा घाणा बिघडणार नाही.

घाणा, म्हणजे साबणाची एक खेप, बिघडतो कसा ते सांगायला हवे. कॉस्टिक पाण्यात टाकले की पाणी आपोआप तापते. इतके तापते की हात लावता येत नाही, आणि लावूही नये. ते तसेच तेलात ओतले तर मिश्रण फाटते. तेल वर, पाणी खाली. म्हणून ते आधी निवू द्यायचे. आमच्या कृतीप्रमाणे ते एकशेदहा अंशांवर आले की ओतायचे. अंश फॅरनहाइटचे, तेव्हा सगळीकडे तेच चालत. थोडे खाली गेले, अगदी शंभरापर्यंत, तरी चालते. वर असलेले चालत नाही.

एरवी यात घाई करण्यासारखे काहीच नव्हते. थर्मामीटर बुडवून बसायचे आणि एकशेदहा दिसले की ओतायचे. पण नानांनी जोशीबुवांकडून मुहूर्त काढला होता: वैशाखातला दिवस, सकाळी साडेअकरा. ओतणार होते धुळ्याचे एक रावबहादूर. आमंत्रणे छापायची होती. तेव्हा नानांनी मला विचारले, "साडेअकराला ते बरोबर एकशेदहावर यायला हवे. कॉस्टिक किती वाजता पाण्यात टाकायचे?"

हा प्रश्न ऐकून मला मनातून आनंद झाला. कॉलेजात शिकलेल्या गोष्टीचे काम पडेल असे मला कधी वाटले नव्हते.

गरम वस्तू थंड होते तिचा वेग तिच्यात आणि भोवतालच्या हवेत जेवढा फरक असेल त्याच्या प्रमाणात असतो. फरक मोठा तर उष्णता भराभर उतरते, फरक लहान झाला की रेंगाळते. कागदावर हे एक डिफरन्शियल इक्वेशन होते, आणि ते सोडवले की निघते ते असे: ठरावीक वेळात फरक निम्मा होतो, पुढच्या तेवढ्याच वेळात उरलेल्याचा निम्मा, आणि असेच पुढे. तो ठरावीक वेळ भांड्यावर अवलंबून. फाल्गुनात मी कारखान्याच्या शेडमध्ये आमच्या पसरट लोखंडी कढईजवळ बसून तो मोजला होता. दीड तास. त्या चाचणीचे कॉस्टिकचे पाणी नानांनी फेकू दिले नाही, घरच्या कपड्यांच्या साबणात खपवले.

आता एकच आकडा हवा होता. वैशाखात सकाळच्या त्या वेळी भोवतालची हवा किती तापलेली असते? पण तेवढ्यात नानांनी मला चार दिवस धुळ्याला पाठवले. रावबहादुरांच्या भाषणात साबणाविषयी दोन शास्त्रीय वाक्ये घालायची होती, ती त्यांच्या कारकुनाला समजावून द्यायची होती. जाताना मी थर्मामीटर मुनीमजींच्या हातात दिला. मुनीमजी एरंडोलकडचे, बोलणे अहिराणी, नानांच्या वडिलांपासून पेढीवर; त्यांना सगळे आबा म्हणत. मी म्हणालो, "आबा, रोज अकराच्या सुमारास खोलीचे तापमान लिहून ठेवा."

"ठेवस," ते म्हणाले.

धुळ्याहून परत आलो तर आबांनी सुवाच्य अक्षरात आकडे मांडलेले होते. सगळे शहाऐंशीच्या आसपास. मी हिशोब केला. कॉस्टिक विरघळले की एकशेब्याऐंशी होते. शहाऐंशी वजा केले की फरक शहाण्णव. पाहिजे एकशेदहा, म्हणजे फरक चोवीस. शहाण्णवचे अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीसचे चोवीस. दोनदा निम्मा, दोनदा दीड तास, तीन तास. साडेआठला टाकले की साडेअकराला तयार. इतके सुबक उत्तर परीक्षेतही येत नाही. नानांनी ते आमंत्रणपत्रिकेवर छापून घेतले: सकाळी साडेआठ, क्षारविलयन. हा शब्द त्यांचाच.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपार व्हायच्या आत मी कढई घासून घ्यायला शेडमध्ये गेलो. पत्र्याचे छप्पर, तिन्ही बाजूंनी ऊन. घामाने चष्मा नाकावर राहीना. शहाऐंशी अंशांत चष्मा असा घसरत नाही, असे वाटून मी थर्मामीटर मागवला. एकशेसहा.

मी पेढीवर गेलो. "आबा, तुम्ही तापमान कुठे घेतले?"

"आठेच. नानानी खोलीमा."

नानांच्या खोलीला दोन्ही दारांना वाळ्याच्या तट्ट्या होत्या आणि एक माणूस दिवसभर त्यांच्यावर पाणी मारीत असे. आत गेले की गारव्याने अंगावर काटा यायचा.

"पण साबण शेडमध्ये होणार आहे ना?"

"शेड काय खोली शे का, भाऊ?" आबांनी कागदावरून मान वर केली. "तुम्हीच सांगेल व्हतं, खोलीनं तापमान लिखा. बठ्ठं खोलीनंच लिखेल शे."

लिहिलेले सगळे खरोखर खोलीचेच होते, यात खोट काढायला जागा नव्हती. पुस्तकातल्या 'खोली'ला भिंती असाव्या लागत नाहीत, हे पुस्तकात कुठे लिहिलेलेही नसते.

पुन्हा हिशोब. एकशेब्याऐंशीतून एकशेसहा गेले, फरक शहात्तर. एकशेदहावर फरक चार. शहात्तर, अडतीस, एकोणीस, साडेनऊ, पावणेपाच, आणि अजून थोडे. चार वेळा निम्मा आणि वर काही. सहा तासांहून जास्त. म्हणजे साडेआठला टाकलेले दुपारी तीनला तयार. आणि हवा जर एकशेदहाच्या वर गेली, जी जळगावात सहज जाते, तर समीकरणाचे उत्तर होते: कधीच नाही.

मी हे नानांना सांगितले. ते तक्क्याला टेकून बसले होते.

"मग पहाटे टाका."

"पहाटे शेड गार असते, नाना. तेव्हा भराभर निवेल, पण नंतर शेडबरोबर तेही तापायला लागेल. नेमके साडेअकराचे सांगता येणार नाही. शिवाय साडेआठ छापले आहे."

"मुहूर्त हलणार नाही. रावबहादूर हलणार नाहीत, त्यांची गाडी ठरली आहे. छापलेले हलणार नाही." नाना तक्क्यावरून पुढे झुकले. "तुमचे ते गणित हलते का?"

"गणित बरोबर आहे. फक्त ते या खोलीचे आहे."

हे मी वैतागून बोललो, आणि बोलता बोलता माझी नजर खोलीभर फिरली. मग मीच म्हणालो, "नाना, कढई इथे आणू या."

"माझ्या गादीवर?"

"गादी उचलावी लागेल."

"बी.एस्सी., या खोलीत माझ्या वडिलांनी भल्याभल्यांना चप्पल बाहेर काढायला लावली."

"कढईला चपला नाहीत."

नाना हसले नाहीत. त्यांनी जोशीबुवांना बोलावून जागा बदलली तर चालेल का विचारले. जोशीबुवा रावबहादुरांप्रमाणेच समारंभाला येणार होते, आणि शेडमध्ये बसावे लागणार हे त्यांना माहीत होते. ते लगेच म्हणाले, "मी वेळ काढून दिली. जागेचा शास्त्रात उल्लेख नाही." नाना उठले आणि स्वतःच गादी गुंडाळू लागले.

संध्याकाळपर्यंत कढई विटांवर बसवून झाली. फाल्गुनातही ती विटांवरच होती, म्हणून दीड तासाचा आकडा इथेही लागू पडणार होता. तट्ट्यांवर पाणी मारायला आणखी एक माणूस लावला, कारण तापलेली कढई आणि शंभर पाहुणे मिळून खोली तापवणार हे उघड होते. दुसऱ्या दिवशी साडेआठला मी कॉस्टिक थोडेथोडे पाण्यात सोडले. दारे उघडी ठेवली, नाकावर फडके बांधले. पारा एकशेब्याऐंशीवर जाऊन थांबला. दहाला तो एकशेपस्तीसवर होता. माझ्या हिशोबाने एकशेचौतीस हवा होता. मी एका माणसाला तट्टीवर आणखी एक घागर मारायला सांगितले.

रावबहादूर फेटा बांधून, पदक लावून आले. खोलीत पाऊल टाकताच त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आले ते मी कुठल्याही पुतळ्यावर पाहिलेले नाही. ते बसले आणि निवांत झाले. साडेअकराला दोन मिनिटे असताना पारा एकशेदहावर आला. जोशीबुवांनी मंत्र संपवला. नानांनी माझ्याकडे पाहिले, मी मान डोलावली, आणि रावबहादूर भाषणाला उठले.

ओतण्याआधी भाषण आहे हे पत्रिकेत नव्हते. नानांचा हात माझ्या दंडावर आला. "बिघडेल?"

आता फरक चोवीस होता. दीड तासाने तो बारा होणार. तासाभरात फार तर पंधरापर्यंत उतरेल, म्हणजे पारा एकशेएकवर. "तासभर बोलू द्या," मी कानात सांगितले. "निवण्याचा वेग आता मंदावला आहे."

"त्यांचा मंदावणार नाही," नाना म्हणाले.

रावबहादूर पुष्कळ बोलले. देशी उद्योग, स्वच्छता, आर्यांची स्नाने. माझी दोन शास्त्रीय वाक्येही त्यांनी म्हटली, दोन्हींतले विशेषण बदलून. मी थर्मामीटरकडे बघत होतो, आणि मला आठवते की मला मुळीच भीती वाटत नव्हती. नाना मात्र दर थोड्या वेळाने वाकून पाऱ्याकडे बघत. एकशेतीनवर टाळ्या झाल्या. साडेअकरा केव्हाच वाजून गेले होते, पण आरंभ भाषणाने झाला म्हणजे मुहूर्त साधला, असे जोशीबुवांनी सांगून टाकले. रावबहादुरांनी चांदीच्या झारीने पहिली धार शेजारी ठेवलेल्या तेलात सोडली, बाकीची आम्ही सोडली. ढवळत गेलो. मिश्रण दाटले, दह्यासारखे झाले, कुठेही फाटले नाही. दुसऱ्या दिवशी वड्या कापल्या तेव्हा त्या एकसारख्या निघाल्या.

नानांनी त्याच संध्याकाळी मला बोलावले. गादी पुन्हा घातलेली होती. "बी.एस्सी., नोकरी कायम," ते म्हणाले. नेमणुकीचा कागद मुनीमजींकडून लिहून घेतला, सही केली, आणि तो लागू होण्यासाठी चांगला दिवस काढायला जोशीबुवांकडे पाठवला.

जोशीबुवांनी दिवाळीचा पाडवा काढला.