टिंबानंतरचे गुंठे

पटवारी वर्गाच्या शेवटच्या सत्राचा शेवटचा पेपर क्षेत्रमापनाचा होता, आणि आदल्या रात्री माझ्या जोडीदाराचं डोकं ठिकाणावर नव्हतं. बोर्डिंगात आम्ही एकाच खोलीत राहायचो. तो वडनेर भोलजीकडचा, मी जळगाव जामोदचा. याच पेपरात तो दोनदा आपटला होता. तिसऱ्यांदा आपटला असता तर वडिलांमागे चालत येणारं पटवारपण चुलत्याच्या पोराकडे जाणार होतं. मला तशी काही धास्ती नव्हती. मास्तर मला हुशार म्हणायचे आणि मला ते फार खरं वाटायचं.

दहाला सुपरिटेंडेंटची फेरी झाली की खिडकीला घोंगडी लावायची, कंदिलाची वात बारीक करायची आणि बसायचं. रीत ठरलेली होती. एकानं पुस्तक धरून विचारायचं, दुसऱ्यानं पाटीवर करून दाखवायचं. नुसतं वाचलं की सगळं येतं असं वाटतं, पाटी हातात घेतली की कळतं. तो मधेच उठायचा, दारापर्यंत जायचा, परत येऊन बसायचा.

"बस बे एका जागी!" मी खेकसलो. "त्रिकोणी वावर. पाया वीस साखळ्या, लंब अकरा. कर."

तेहतीस फुटांची साखळी; साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा. वीस गुणिले अकरा, त्याचे निम्मे, एकशे दहा गुंठे. इथवर त्यानं झटक्यात केलं. मग चाळीसनं भागून त्यानं लिहिलं २.७५, आणि वर म्हणाला, "दोन एकर पंच्याहत्तर गुंठे."

"अबे, चाळीस गुंठ्याचा एकर! पंच्याहत्तर गुंठे कुठून आणले? भागाकार दोनवर थांबव. उरले तीस. दोन एकर तीस गुंठे!"

पाच वेळा केलं, तीनदा चुकला. शंभर काही त्याच्या डोक्यातून निघेना. माझी झोप उडालेली, मच्छर फोडून खात होते, आणि माझा स्वतःचा नकाशाचा धडा तसाच पडला होता. शेवटी मी पाटी हिसकून घेतली. "आइक. भागाकारात टिंब काढूच नको, आणि उद्या पेपरात छापलेलं टिंब दिसलं की त्याच्या पुढचा आकडा म्हणजे गुंठे. बस्स. शंभराचं नाव काढू नको."

त्यानं पाटी परत घेतली. मग म्हणाला, "पण पेपर नागपूरहून येते. तिकडं एकराचे शंभर भाग करतात म्हणतात. त्यायनं तसं टिंब देलं तं?"

मला रागच आला. ज्याला तीस गुंठे काढता येत नाहीत तो मला नागपूर शिकवतो! "आपण वऱ्हाडात हाओत. काऊन फाटे फोडून राह्यला? माह्यावर भरोसा हाये का नाई?"

"हाव, हाये," तो म्हणाला. मग त्यानं ती ओळ पाटीवर दहादा लिहिली. पहाटे तासभर आम्ही डोळे मिटले, पण तो झोपेतही पुटपुटत होता.

पेपरात शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त गुणांचा. चार वावरं: २.२५, १.३०, ३.१५ आणि ०.८०. एकूण क्षेत्र काढा. पुढचे तिन्ही पोटप्रश्न त्याच बेरजेवर. मी गुंठे धरून बेरीज सुरू केली आणि ऐंशीवर हात थांबला. ऐंशी गुंठे असते तर दोन एकरच लिहिले असते की! ते शंभरातले भाग होते. बेरीज साडेसात एकर, म्हणजे सात एकर वीस गुंठे. मी खोडलं, नीट केलं आणि समोर पाहिलं. दोन बाकं पुढे तो मान खाली घालून भराभर लिहीत होता.

बाहेर आल्यावर तो धावतच माझ्याकडे आला. चेहरा उजळलेला. "नऊ एकर तीस गुंठे! ऐंशीचे दोन एकर झाले पाय. टिंबानंतर गुंठेच धरले, तू म्हणला तसे. बराबर ना?"

"हाव," मी म्हणालो. खरं सांगायची हिंमत झाली नाही.

निकाल लागला. मी पास, तो चार गुणांनी गेला. पटवारपण चुलत्याच्या पोराला मिळालं. त्याला भेटायला, खरं तर सगळं सांगून टाकायला, मी त्याच्या गावी गेलो. त्याच्या वडिलांनी मला पाटावर बसवलं. स्वतः वाढायला उभे राहिले.

"याच्याच नशिबात नव्हतं," ते म्हणाले. "तुमी तं सोताचा अभ्यास टाकून रातभर शिकवलं याले. असा दोस्त भेटत नाई."

तो शेजारी बसून मान हलवत होता. मी खाली मान घालून जेवलो. दुसऱ्यांदा वाढलं तेही खाल्लं.