दहाचा फोन

पाठ्यपुस्तकं तयार करणाऱ्या चमूच्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणत. चमूतले एक मुद्रितशोधक दुसऱ्या शहरातून, घरूनच काम करायचे. नऊ वर्षांत त्यांची एकही तारीख चुकली नव्हती. यंदा मात्र ते गप्प झाले. निरोपांना उत्तर नाही. तीन प्रकरणं लागोपाठ उशिरा आली, सोबत एक ओळही नाही.

"सरळ ताकीद द्या," वरिष्ठ म्हणाले. ताईंनी आधी फोन लावला. चौथ्या खेपेला मुद्रितशोधकांनी तो उचलला.

"तीन प्रकरणं उशिरा आली, कळवलंही नाहीत," ताई म्हणाल्या. "ओरडायला फोन केलेला नाही. काय झालंय?"



"काही झालं नाही, ताई. सकाळपासून एकच पान वाचतोय, डोक्यात शिरत नाही. तुमचा निरोप आला की फोन पालथा घालतो."

ताईंना वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं काहीच नाही. वर्षभरात त्यांनाही कशाचंच काही वाटेनासं झालं होतं.

"निम्मी प्रकरणं दुसऱ्यांना देते. रोज दहाला फोन करीन, दोन मिनिटं. काम झालं नसेल तर 'नाही' एवढंच सांगा. डॉक्टरांनाही दाखवून या. रजेचं मी बघते."

चार दिवस ते 'नाही' म्हणाले. ताई 'बरं' म्हणत. पाचव्या दिवशी त्यांनी डॉक्टरांची वेळ घेतली. महिनाअखेरीस एक प्रकरण वेळेवर आलं. ताईंनी ते तपासलं आणि छपाईला पाठवून दिलं.