अकरा काहिली बिघडवलेला माणूस

कुंडलच्या हरिबा गुळव्याचा गूळ बघितला की व्यापाऱ्याचं तोंड आपोआप गोड व्हायचं. पण बोलायला उभा राहिला की गडी घामाघूम. मागल्या साली इस्लामपूरच्या शेतकरी परिषदेत त्याचं भाषण ठेवलं आणि मंडप ओस पडला. दहा-बारा जुने गुळवे आले, "हे तर आमाला ठावं हाय" म्हणत उठून गेले. उरलेलं भाषण हरिबानं मंडपाच्या खांबांना ऐकवलं. यंदा, सेहेचाळीस साली, त्यानं बायकोला बजावलं, "हरणे, ह्या बारीला बी तसंच झालं तर पुन्यांदा उभा ऱ्हायचा न्हाई." हे बोलताना त्याला फार वाईट वाटत होतं.

खरी चूक परिषदेच्या छापील पत्रिकेची होती. त्याच्या भाषणाची माहिती नाथाजी गुरुजींनी चौदा ओळींची लिहिली होती. 'इक्षुरसाचे गहन रहस्य' वगैरे. गुरुजींची लेखणी सुटली की वेसण नसलेला बैल. नवखे शेतकरी ते वाचून बिचकले, हे शहाण्यांचं काम म्हणून दुसऱ्या मंडपात गेले.

यंदा पत्रिका लालासाहेबाकडं होती. लढाईत तो पलटणीच्या तारायंत्रावर होता, फालतू शब्दाला त्याच्याकडं थारा नव्हता. छापखान्यानं भाषणाला चारच ओळी दिल्या होत्या.

"गुरुजी, कुणी यावं, काय शिकून जावं आन सांगनारा कोन, एवढंच ठिवा," तो म्हणाला.

गुरुजी रुसले, पण गहन रहस्य खोडलं. राहिलं ते असं :

'यंदा प्रथमच गुऱ्हाळ घालणाऱ्यांसाठी. रस उकळायची काहील कधी उतरवायची, ते पाण्यातल्या गोळीवरून ओळखायला शिकाल. सांगणार : हरिबा, कुंडल. बावीस हंगाम चुलवाणावर. पहिल्याच हंगामात अकरा काहिली बिघडवल्या.'

शेवटचं ऐकून हरिबा उसळला. "माजी अब्रू कशाला चव्हाट्यावर मांडतुस रं?"

"आवं तात्या, ज्येची काहील कवा बिघडलीच न्हाई, त्यो नवख्याला काय सांगनार?"

हरिबा कुरकुरत उठला. ओळ छापली गेली.

परिषदेच्या दिवशी जुने गुळवे खतांच्या भाषणाला गेले. हरिबाच्या मंडपात मात्र बसायला जागा उरली नाही. पाठ केलेलं भाषण तो पार विसरला. मंडपात मांडलेल्या चुलीवरच्या पातेल्यातल्या पाकाचा थेंब त्यानं गार पाण्यात सोडला. थेंब विरघळला. "अजून कच्चा हाय." थोड्या वेळानं पुन्हा सोडला, बोटांत मऊ गोळी जमली. "आता उतरवायची. मी तवा आनखी थांबलो, म्हून करपली."

वाळव्याची बनुबाई उठली. "आमच्या तीन बिघडल्या. लाजंनं कुनाला सांगितलं न्हाई. तुमचं वाचलं, म्हून आले."

मग एकेक जण आपल्या बिघडलेल्या काहिली मोजू लागला. मंडप हसून लोळला, हरिबाही. बायाबापड्यांनी पुढं येऊन स्वतः गोळ्या करून बघितल्या.

वेळ संपल्याचं सांगायला लालासाहेब आला, तर कुणी उठेना. हरिबानं पाण्याचं भांडं बनुबाईच्या हाती दिलं आणि त्याला म्हणाला, "फुडल्या साली बी माझं नाव घाल. चार वळी पुरं."