किल्ली खिशात ठेवा

चाकणच्या एका कंपनीसाठी मी सुरक्षेचा व्हिडिओ केला होता. पत्रा दाबून आकार देणारी प्रेस मशीन दुरुस्त करताना ती पूर्ण बंद कशी करायची, याची नवी पद्धत. कामगारांनी तो आपापल्या फोनवर बघायचा आणि शुक्रवारी दहा प्रश्नांची परीक्षा द्यायची. नापास होणाऱ्याला साहेब केबिनमध्ये बसवून तोंडी समजावणार होते.

त्या तोंडी समजावण्याचीच मला धास्ती होती. माझा मोठा भाऊ त्याच कंपनीत प्रेसवर आहे. वर्षानुवर्षांच्या धडधडीनं त्याचे कान गेलेत. समोरच्या माणसाच्या ओठांकडे बघून तो घरात निभावून नेतो, पण कंपनीत कुणाला ठाऊक नाही. कळलं तर लाइनवरून काढतील, ही त्याची भीती. म्हणून व्हिडिओत बोललेलं सगळं खाली मराठी अक्षरांत टाकायचा हट्ट मी धरला. कारण सांगितलं, शॉपमध्ये, म्हणजे मशीनच्या शेडमध्ये, आवाज फार असतो. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात आम्ही भावंडं सारखीच.

मोशीतल्या आमच्या स्टुडिओत मोठ्या स्क्रीनवर ती अक्षरं फार देखणी दिसली. बारीक, पांढरी, अगदी तळाशी. बुधवारी व्हिडिओ पाठवला आणि मी स्वतःवर खूश झाले.

गुरुवारी दादाला सुट्टी असते. गॅलरीतल्या उन्हात बसून तो व्हिडिओ बघत होता. मी चहा घेऊन मागे उभी राहिले. त्याच्या तडा गेलेल्या फोनवर माझी अक्षरं मुंग्यांएवढी दिसत होती. मागे शॉपची पांढरी भिंत आली की तीही गायब. तळाची ओळ फोनच्या बटणांच्या पट्टीखाली गेली होती.

"चांगलं झालंय की," तो म्हणाला.

"मुख्य स्विच बंद केल्यावर काय करायचं?" मी त्याच्यासमोर येऊन विचारलं.

"लाल बटण दाबायचं, हात घालायचा."

ती जुनी सवय होती. नव्या पद्धतीत स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात, मग यंत्रात अडकलेली हवा सोडायची, आणि चालू बटण दाबून मशीन खरंच मेलीय ना ते बघायचं. हात त्यानंतर. त्यानं यातलं काहीच वाचलं नव्हतं.

"तुला दिसलं नाही ना?" माझा आवाज चढला. "मग चांगलं का म्हणालास?"

"तू इतकं राबून केलंयस," तो म्हणाला. मला त्याचा राग आला आणि त्याहून जास्त माझा.

मी तशीच स्टुडिओत गेले, त्याचा फोन घेऊन. या वेळी मोठ्या स्क्रीनवर विश्वास ठेवायचा नाही, असं ठरवलं. अक्षरं जवळजवळ दुप्पट केली, जाड केली, मागे काळसर पट्टी टाकली. तळापासून पुरेशी वर घेतली, दोन्ही कडांना जागा सोडली. मोठी केल्यावर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडायला लागले, म्हणून ओळींमध्ये अंतर वाढवलं. एका वेळी दोनच ओळी. आधी 'किल्ली स्वतःच्या' एका ओळीत आणि 'खिशात ठेवा' दुसरीत तुटलं होतं. आता वर 'स्वतःचं कुलूप लावा', खाली 'किल्ली खिशात ठेवा'. वाचायला वेळ मिळावा म्हणून मजकूरही छाटला. प्रत्येक बदल त्याच्या फोनवर टाकून, स्क्रीनचा उजेड कमी करून, रस्त्यावरच्या उन्हात उभी राहून बघत होते. रिक्षावाले हॉर्न मारत होते.

संध्याकाळी नवा व्हिडिओ कंपनीला गेला, फोन दादाकडे. जुना पुसून टाका म्हणून मी तीनदा फोन केला. तिकडचा माणूस शेवटी वैतागला.

शुक्रवारी माझा जीव टांगणीला. दादानं पुन्हा जुनाच व्हिडिओ बघितला असेल तर? केबिनमध्ये बसवलं असेल तर? कंपनीची बस चौकात थांबली तेव्हा मी आधीच तिथे उभी होते.

तो उतरला, डबा माझ्या हातात दिला.

"दहा," म्हणाला.

मला रडू आलं, चारचौघांत. त्यानं न बघितल्यासारखं केलं. घराच्या वळणावर मात्र थांबला आणि फोन काढला. त्याच्या पोरीचा शाळेच्या गॅदरिंगचा व्हिडिओ लावला. व्यासपीठावर ती दोन वेण्या घालून काहीतरी बोलत होती.

"यालाही घालशील का तशीच अक्षरं?" तो म्हणाला. "मी टाळ्या वाजवल्या त्या दिवशी. पण ती काय बोलली, ते मला अजून माहीत नाही."