गच्चीवरचं पाणी आणि धाकट्याचा डाग

पुनावळ्यातलं आमचं घर मी बांधलं. म्हणजे विटा गवंड्यानं लावल्या, पण स्लॅब पडला त्या दिवशी मी काठी घेऊन वर उभा होतो आणि त्यावर पाणी अडवणाऱ्या कोब्याचं काम चाललं होतं तेव्हा जेवायलाही खाली उतरलो नाही. शाळा माझी चौथीत सुटली, पण माझी गच्ची कधी गळली नाही. आजूबाजूच्या पंधरा-पंधरा मजल्यांच्या सोसायट्यांत लोक बादल्या लावून बसतात. मी मुद्दाम त्यांना विचारायला जातो, "काय राव, गळतंय का?"

खालच्या मजल्यावर मी आणि आमची मंडळी, वरच्यावर धाकटा भाऊ आणि त्याची बायको. गच्ची दोघांची.

मंडळीचे हात थंडीत आखडायला लागले तेव्हा मी सोलरचा बंब घ्यायचं ठरवलं. धाकटा हसला. "आण्णा, उन्हानं पाणी तापतं हे म्हशीलाबी ठावं हाय. त्याला काचेच्या नळ्या कशाला?" मी म्हणालो, "मग तुझ्याकडं पाईप न्हाई. तू म्हशीसंगं डबक्यात आंघोळ कर." तिथून बिनसलं.

त्यानं अट घातली. त्याच्या हॉलला नुकताच पांढराशुभ्र रंग दिलेला. "एक थेंब जरी माझ्या छताला दिसला तरी तुझा बंब दुकानात परत. शब्द दे." मी दिला. माझी गच्ची गळायची नाही, मग शब्द द्यायला काय जातंय?

बसवायला आलेला फिटर परभणीकडचा. तोंडाला त्याच्या झाकण नव्हतं. त्यानं पिशवीतून ड्रिल काढलं आणि मी गच्चीच्या दारात आडवा झालो.

"माझ्या कोब्याला भोक न्हाई पाडायचं."

"बाबा, वारा खालून शिरला म्हंजे हे सगळं उडून रावेतला पडंल. बोल्ट नको म्हणता, मग काय पूजा घालून बसवू?"

"बोल्ट कोब्यात धरतो का?" मी विचारलं.

त्यानं ड्रिल खाली ठेवलं. मग म्हणाला, "न्हाई धरत. कोबा म्हंजे विटांचे तुकडे. तो हलून हलून सैल होणार. खाली स्लॅबपर्यंत न्यावा लागतो."

"म्हंजे पावसाला थेट वाट."

शेवटी दोघांच्या मताने ठरलं असं, की भोक नाही. कोबा वरून टाचून खडबडीत करायचा, त्यावर सिमेंटचा घोळ मारायचा आणि काँक्रीटचे चार जड ठोकळे ओतायचे. ओलं असतानाच बोल्ट त्यात उभे करायचे. बंबाचं वजन आणि ठोकळ्यांचं वजन मिळून वाऱ्याला पुरून उरतं. ठोकळ्याच्या बुडाला चहूबाजूनं गोलाई काढायची, तिला वाटा म्हणतात, म्हणजे पाणी कोपऱ्यात थांबत नाही. वर वॉटरप्रूफिंगचा हात.

जागा मी आणि धाकट्यानं मिळून ठरवली होती. गुडघे धरत धरत तो एकदाच वर आला. मी मधोमध खडूनं फुली मारली. मधोमध ठेवला म्हणजे बंब रस्त्यावरून दिसतो. हायवेकडून येणाऱ्या पाहुण्याला कळायला नको? धाकट्यानं मान डोलावली, कण्हत उतरला आणि दुसऱ्या दिवशी महाळुंग्याला लग्नाला गेला.

तो गेला आणि फिटरनं फुलीकडं बघून कपाळाला हात लावला. "बाबा, टाकी भरली की दोनशे लिटर. वर स्टँड, ठोकळे. सगळं मिळून म्हशीएवढं वजन. तुमी म्हस खाटेच्या मधी उभी करता का पायाशी?"

"माझा स्लॅब दणकट हाय."

"हाय ना. मग कशाला त्याची परीक्षा बघता? दक्षिणेकडच्या बीमवर, कॉलमजवळ घेऊ. ऊनबी तिथं दिवसभर हाय."

मी तासभर भांडलो. हरलो. म्हैस माझ्या डोक्यातून जाईना. ठोकळे गच्चीच्या टोकाला, धाकट्याच्या न्हाणीच्या डोक्यावर पडले. धाकटा परत आला तेव्हा मी त्याला काही सांगितलं नाही. परभणीच्या पोरानं मला हरवलं हे त्याला कशाला कळू द्यायचं?

ठोकळ्यांवर पाणी मारून ते पक्के झाले. मग फिटर म्हणाला, बंब चढवण्याआधी पाणी साठवून बघू. पाणी जायच्या मोऱ्या चिंध्या आणि मातीनं बुजवल्या, दारात उंबरठा घातला आणि गच्चीवर चार बोटं पाणी उभं केलं. बंब खाली अंगणात खोक्यात. मंडळी येता-जाता त्या खोक्यावरची धूळ पुसायची.

दुसऱ्या दिवशी वरून आरोळी आली. "आण्णा! वर ये! बघ तुझी गच्ची!"

मी गेलो. छताला परातीएवढा ओला डाग. धाकटा कमरेवर हात ठेवून उभा. खोकं परत जाणार, आणि गावभर होणार की म्हाताऱ्याची गच्ची गळली.

मग मी नीट वर पाहिलं. डाग हॉलच्या बरोबर मधोमध होता, पंख्याच्या शेजारी.

मी हसू गिळलं. फिटरला बोलावलं. त्यानं डाग बघितला आणि माझाच घात केला. "सांगता येत न्हाई बाबा. पाणी लई हरामी. वर एकीकडं शिरतं, आडवं चालतं, खाली भलतीकडं निघतं."

"ऐकलंस?" धाकटा म्हणाला. "तज्ज्ञ माणूस बोलतोय."

"बरं," मी म्हणालो. "खरी गळती असली तर वर पाणी असेपर्यंत डाग वाढत जाईल. व्हय का न्हाई?"

"व्हय," फिटर म्हणाला.

"मग मोऱ्या उघडायच्या नाहीत. आणि मी इथंच बसतो. डागाखाली."

खुर्ची ओढली आणि बसलो. धाकट्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

"आण्णा, जेवायला खाली जा की."

"मंडळीला ताट वर आण म्हणावं."

"पाठ दुखंल."

"दुखू दे. तुझ्या घराची काळजी मला न्हाई तर कुणाला?"

झोपलोसुद्धा त्याच्याच सोफ्यावर, तोंड वर करून. धाकटा दर थोड्या वेळानं पाणी प्यायला उठायचा. मी खोकायचो. तो परत जायचा. सकाळी भावजय चहा घेऊन आली, वर बघितलं आणि पदर तोंडाला लावला.

"दादा, आमचा झाडांवर फवारायचा पंप सापडंना झालाय. तुमी बघितला का?"

"तू आत जा," धाकटा तिच्यावर ओरडला.

गच्चीवर पाणी चार बोटं तसंच. छतावरचा डाग मात्र आधी परातीचा ताटाएवढा झाला, मग वाटीएवढा, आणि त्या दुपारी उरली नुसती पिवळट कड. फिटरनं हात लावून बघितलं. कोरडं.

मी धाकट्याला दंडाला धरून, पायरीपायरीनं गच्चीवर नेलं. पाण्यापलीकडं टोकाला उभे असलेले चार ठोकळे दाखवले.

तो बघतच राहिला. मग एकदम चिडला. "तिकडं व्हय? मधोमध म्हणाला होतास ना? मग मला खालून काय कळणार!"

बोलून गेला आणि जीभ चावली. फिटर पाण्यात मटकन बसला, इतका हसला. मला वाटलं होतं मी त्याला फाडून खाईन. पण गुडघे धरून उभा असलेला तो, पायजमा भिजलेला, आणि म्हणतोय काय तर, "तुझी मंडळी एकटीच म्हातारी झालीय का? माझे गुडघे काय लाकडाचे हायत? पाईप न्हाई म्हणालास. विचारलंस का एकदा तरी?"

शब्दाचा मी पक्का, आणि पाईप देणार नाही हाही शब्दच होता. फिटरला मी म्हणालो, "माझा पाईप खाली जाताना वाटेत ह्याची न्हाणी लागते. तिथं एक नळ काढ. नळ देणार न्हाई असं मी कधी म्हणालो नव्हतो."

बंब चढला. आता न्हाणी टाकीच्या बरोबर खाली असल्यानं धाकट्याला कढत पाणी लगेच मिळतं, आणि माझ्यापर्यंत यायला दोन बादल्या गार पाणी आधी सोडावं लागतं. सकाळी मी नळ उघडून वाट बघत उभा असतो, आणि वरून तो ओरडतो, "आण्णा, म्हशी डबक्यात सोडल्या का न्हाई अजून?"